‘बघते’ म्हणजे ‘येते’

“इथे काय वाट्टेल ते म्हण, पण ‘बघते’ म्हणू नकोस,” पहिल्याच आठवड्यात प्रूफकाकूंनी तिला बजावलं होतं. “आपल्या ऑफिसात ‘बघते’ म्हणजे ‘येते’.”

ती हसली होती. पाट्या बनवणारं ऑफिस ते. कुठल्या इमारतीत कुठला बाण कुठे वळवायचा हे ती ठरवायची, आणि पाटी कापायला जाण्याआधी काकू तिच्यातला ऱ्हस्व-दीर्घ तपासायच्या. चुकलेली पाटी दहा वर्षं भिंतीवरून आपल्याला हसते, असं काकूंचं म्हणणं. अशा बाईला शब्दांचा बाऊ करायची सवय असायचीच, म्हणून तिने तो सल्ला कानाआड केला.

गुरुवारी दुपारी साहेबांनी दारातून डोकं आत घातलं. “हॉस्पिटलच्या पाट्यांसाठी एक जादा मिटिंग घेऊया. शनिवारी अकराला. जमेल ना?”

आणि तिच्या तोंडून निसटलं, “बघते.”

संध्याकाळी फळ्यावर लिहिलेलं होतं: ‘शनिवार ११. सगळे येणार.’ खाली नावं, आणि तिच्या नावापुढे बरोबरची एवढी मोठी खूण की तिला तीसुद्धा बाणासारखीच दिसली. रोख सरळ तिच्या घराकडे.

घरी शनिवारी पाळणाघर बंद. नवऱ्याची औषधाच्या दुकानात दिवसभराची ड्यूटी. आणि चौदा महिन्यांची ठमी नुकतीच चालायला लागलेली, म्हणजे नजर हटली की बादलीत चप्पल.

“नाही म्हणून टाक ना,” नवरा म्हणाला.

“टाक काय टाक! बाळंतपणाच्या सुट्टीवरून येऊन दोन महिने नाही झाले. मुलांच्या विभागाचं काम कुणाला द्यायचं ते साहेब याच आठवड्यात ठरवणार आहेत. मी नाही म्हटलं की झालंच. म्हणतील, बाईचं लक्ष घरी.”

ते काम तिला हवं होतं, अगदी जिवापाड. लहान मुलांच्या वॉर्डाकडे नेणारे बाण! ठमीच्या उंचीवर, ससे-कासवं घेऊन भिंतीभर पळणारे. वहीची अकरा पानं तिने आधीच भरून टाकली होती.

शुक्रवारी सकाळी तिने साहेबांना पाठवायचा मेसेज लिहिला आणि आधी काकूंपुढे धरला. काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“‘सॉरी’ किती वेळा?”

“दोनदा.”

“चारदा. शेवटचं तर ‘सॉरीसाठी सॉरी’ आहे. आणि हे काय, ‘ठमीला बहुतेक सर्दी होईल’? शनिवारी होणारी सर्दी तुला शुक्रवारीच कळली?”

“कारण जरा भक्कम वाटावं म्हणून...”

“खरं कारण पुरेसं भक्कम आहे. एका ओळीत सांग आणि पुढे चल.” काकूंचं लाल पेन कागद नसला की हवेत चालायचं. “‘तरी प्रयत्न करते.’ हे काट आधी! ‘प्रयत्न करते’ म्हणजे ‘येते, पण उशिरा’. ‘नंतर कधीही चालेल’, हेही काट. ‘कधीही’ नावाचा वार आहे का कुठल्या कॅलेंडरात?”

“मग उरलं काय?”

“‘नमस्कार साहेब’ उरलं. छान आहे ते.”

दोघींना असं हसू फुटलं की पलीकडचा रंगवाला खुर्ची फिरवून बघू लागला.

“हे बघ,” काकू म्हणाल्या, “नकार एकदाच द्यायचा, तो आडपडद्याने द्यायचा नाही. त्याच्याच शेजारी वार, वेळ आणि तू काय आणणार ते ठेवायचं. पण आधी खात्री कर, की तू म्हणतेस त्या वेळेला काम अडत नाही.”

खात्री करायची म्हणून तिने पाट्या कापणाऱ्या वर्कशॉपला फोन लावला, आणि पलीकडचं उत्तर ऐकून खुर्चीतून उभीच राहिली.

“शनिवार-रविवार आमचं बंद असतं ताई. सोमवारी अकराला मशीन सुरू.”

म्हणजे शनिवारी काहीही ठरलं तरी सोमवारी अकरापर्यंत एकही पाटी कापली जाणार नव्हती! तिला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. साहेबांची सोमवारची सकाळ मोकळी आहे का, हे तिने ऑफिसच्या कॅलेंडरात पाहून घेतलं. रंगवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “साडेनऊ? पळत येतो.” मग तिने एका दमात लिहिलं:

‘साहेब, शनिवारी मला जमणार नाही, घरी बाळाजवळ मी एकटीच आहे. सोमवारी साडेनऊला बसूया का? वर्कशॉप सोमवारी अकराला उघडतं, त्यामुळे तेव्हा ठरवलं तरी एक तासही वाया जाणार नाही. मुलांच्या विभागाचे तीन नमुने आज तीनपर्यंत पाठवते, म्हणजे मिटिंगआधी सगळ्यांना ते बघता येतील. सोमवार नको असेल तर आज चारला बसायचीही माझी तयारी आहे.’

काकूंनी दोनदा वाचलं. लाल पेनाला टोपण लावलं. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक अजून कुणाला मिळालेलं नव्हतं.

तिने डोळे मिटून मेसेज पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. एकच शब्द.

‘बघतो.’

“काकू!” तिने फोन त्यांच्यापुढे धरला. “साहेबांच्या ‘बघतो’चा अर्थ काय?”

काकूंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. “तो शब्द मी कधी तपासला नाही गं.”

तीनला दहा कमी असताना तिने नमुने पाठवले. तीन वाजता साहेब खोलीत आले, फळ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “मला एक सांगा. शनिवारी यायची खरोखर हौस कुणाला होती?”

रंगवाल्याने हळूच फळ्याकडे पाहिलं. “मी नुसतं ‘बघतो’ म्हणालो होतो.”

“मीही,” काकू म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

“काकू! तुम्ही?” ती जवळजवळ ओरडलीच.

“अगं, निसटतं ते!”

साहेब खाली बसले. “मला वाटलं, तुमच्यात काय उत्साह आहे! माझं म्हणाल तर घरी मीसुद्धा शनिवारचं ‘बघतो’ म्हणून बसलोय. सासऱ्यांची पाण्याची टाकी धुवायचीय. त्यांनी माझ्यासाठी रबरी बूटही आणून ठेवलेत.” त्यांनी बाहीनेच फळा पुसला. “सोमवार, साडेनऊ. आणि त्या सशांचं तू मांड. कासव मात्र उलट्या दिशेला चाललंय, तेवढं वळव. मुलांच्या विभागाचं काम तुझं.”

तिचे पाय जमिनीवर राहिलेच नाहीत. ती काकूंना मिठी मारून रंगवाल्याकडे निघाली, तेवढ्यात भान आलं म्हणून ती मिठी वाटेतल्या खुर्चीला मारली.

सगळं छान झालं. फक्त एक राहिलं. पाट्या भिंतीवर बसवणारे शिडीमामा. गुरुवारी साहेबांनी त्यांनाही विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, “बघतो.” त्यांचा फोन शुक्रवारी सकाळीच रंगाच्या डब्यात पडला. तिने चार निरोप ठेवले, आणि निघताना ऑफिसच्या दारावर स्वतःच्या हाताने पाटी लावली: ‘मिटिंग सोमवारी’, खाली ठळक बाण. पण शिडीमामा पाट्या वाचत नाहीत. “वाचणं लोकांचं काम,” म्हणतात, “माझं लावणं.”

तेव्हा शनिवारी अकराच्या सुमारास एखाद्या बंद ऑफिसच्या दाराशी, पाटीला अगदी पाठ लावून, शिडी घेऊन कुणी वाट बघत उभं दिसलं, तर त्यांची जरा विचारपूस करा आणि घरी पाठवा. तिला ठमीला सोडून जाता येत नाही, म्हणून ती तुम्हाला सांगतेय. आणि कृपा करून तिला ‘बघतो’ म्हणू नका.