लाल ठिपका

नेस्तर हातातली काठी खिडकीच्या काचेवर आपटत होता आणि बाहेर शिडीवर उभा असलेला बोहदान वडिलांकडे बघायचंच नाही असं ठरवून काम करत होता.

"ती क्लिप सरकलीय! पन्हळीच्या कडेला बसव! आणि स्टेपलर काढलास तर याद राख, तारेला भोक पडतं!"

"त्याला ऐकू येत नाही," ओरिसिया पलंगावरून म्हणाली. "दुहेरी काच आहे. आणि ऐकू आलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. तुझाच मुलगा आहे तो."

नेस्तरने चाळीस वर्षं त्या गावात वायरमनचं काम केलं होतं. अर्ध्या गावाच्या भिंतीत त्याच्या हातच्या तारा होत्या आणि एका घरातही कधी ठिणगी उडाली नाही, हे तो न विचारता सांगायचा. स्वतःच्या घराचे सणाचे दिवे तो दरवर्षी ऑक्टोबरात, बोटं शाबूत असताना लावायचा. ते पंचवीस डिसेंबरपासून सात जानेवारीपर्यंत, म्हणजे शेजाऱ्यांचा नाताळ आणि जुन्या पंचांगाने पाळला जाणारा स्वतःच्या आजोबांचा नाताळ असे दोन्ही सण उरकेपर्यंत जळायचे. यंदा सप्टेंबरात खुब्याचं हाड मोडलं आणि शिडी सुटली. दिवे राहिले. तो म्हणाला होता, एक वर्ष नाही लावले तर येशू काही जन्मायचा राहत नाही. पण ओरिसियाने हट्टच धरला. आठवड्यातून तीन दिवस ती शहरातल्या यंत्राला रक्त धुवायला बांधलेली असायची, उरलेले दिवस या खिडकीशी. खिडकीतून काहीतरी दिसावं, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून रविवारी, वादळ ओसरून रस्ता उघडल्याबरोबर, बोहदान दीड तास गाडी हाकत आला. बाहेर उणे अठ्ठावीस होतं.

खरं सांगायचं तर पोराने काम नेटकं केलं. माळा त्याने आधी स्वयंपाकघरात उबेला ठेवून मऊ केल्या. प्लास्टिकच्या क्लिपा थंडीत काडकन मोडतात, म्हणून मूठ-मूठभर खिशात घालून, अंगाच्या उबेने गरम करून मग लावल्या. आणलेली वायर बाहेरच्या हवेसाठीची होती, थंडीतही न ताठरणारी, जाड वेष्टनाची. दोन तारांचा जोड बर्फावर न टाकता गाडीजवळच्या विजेच्या खांबाच्या खुंटीवर टांगला आणि प्लगाच्या आधी तारेला खाली झोका दिला, म्हणजे वितळलेलं पाणी तिथून टपकावं, प्लगात जाऊ नये. हा झोका बघून नेस्तरने काठी खाली ठेवली.

"बरा आहे," तो म्हणाला.

"मग बाहेर जाऊन सांग की त्याला!"

"अजून संपलंय कुठे? चुकायला वेळ आहे."

असा हा माणूस. चांगलं म्हणायचं तर त्याच्या जिवावर यायचं, आणि चूक मात्र नखाएवढी असली तरी तिचं माप पदरात घालायचा.

बोहदान आत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर पांढरं साचलं होतं. बीटचं लाल सूप त्याने उभ्या-उभ्याच प्यायलं.

"टायमर लावलाय, बाबा. अंधार पडला की आपोआप पेटतील आणि सहा तासांनी विझतील. तुम्हाला पायऱ्या उतरायला नकोत."

"माझ्या गाडीचा हीटर काढला नाहीस ना?"

"टायमरचं धूड खांबावर बसवताना काढावा लागला. पण परत लावलाय. उजेडात ठिपका दिसायचा नाही, अंधार पडला की बघा!"

नेस्तरने मान डोलावली. त्या मुलुखात गाडीच्या इंजिनालाही रात्रभर विजेची ऊब लागते. ती नसेल तर सकाळी आतलं तेल डिंकासारखं झालेलं असतं. गाडीच्या तोंडाशी वायरच्या टोकाला एक लाल दिवा असतो. तो जळत असला की वीज येतेय असं समजावं आणि निर्धास्त झोपावं. दिवसाउजेडी मात्र तो जळतोय की नाही, ते कळत नाही.

आणि उद्या गाडी सुरू होणं म्हणजे ओरिसियाचा जीव होता, इतकं ते सरळ होतं. शुक्रवारची पाळी वादळाने बुडाली. बुधवारनंतर तिचं रक्त धुतलं गेलं नव्हतं, पाय सुजून खांबासारखे झाले होते. परिचारिकेने फोनवर बजावलं होतं, सोमवारी सकाळी सातचा पहिला पलंग तुमचा, आणि आता एकही पाळी चुकवू नका, थेट हृदयावर येईल.

"आई, आत्ताच चल माझ्याबरोबर," बोहदान म्हणाला. "रात्री शहरात माझ्याकडे राहा. इथून शंभर किलोमीटर पहाटेच्या गारठ्यात कशाला? मी सहाच्या पाळीला खाणीत उतरेन, पण तुझी सून लेस्या नेईल तुला."

"आणि दिवे कोण बघणार? अंधार पडायला तासभर आहे अजून."

"आई, दिवे काय पळून जातायत?"

"मी नेतो तिला," नेस्तर म्हणाला. "माझी गाडी आजवर एकदाही दगा देऊन बसली नाही. तू तुझं बघ."

साडेपाचला खांबावर टक असा आवाज झाला असेल. काचेआड तो ऐकू आला नाही. पण पन्हळीची सगळी कड एकदम उजळली. हिरवे, निळे, तांबडे दिवे, आणि खाली बर्फावर त्यांचे डाग. गाडीच्या तोंडाशी लाल ठिपकाही दिसू लागला. ओरिसिया दोन्ही हात तोंडावर ठेवून बघत राहिली. बोहदानने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, बापाच्या खांद्यावर थाप मारली आणि तो निघाला.

दहाला झोपण्याआधी नेस्तरने रोजच्यासारखं खिडकीतून पाहिलं. दिवे जळत होते, लाल ठिपका जळत होता. तो झोपला.

पहाटे साडेपाचला भिंतीवरच्या तापमापकाचा काटा उणे एकेचाळीसवर होता. ओरिसियाला श्वास पुरत नव्हता. तिला दोन कोटांत गुंडाळून, खुर्चीत बसवून तो काठी टेकत बाहेर आला. नाकातले केस आखडले. पन्हळ काळी होती. ठिपकाही काळा.

त्याने किल्ली फिरवली. इंजिनाने दोनदा घुर्र केलं, तिसऱ्यांदा नुसतं कण्हलं आणि मग गप्प झालं.

नेस्तर खांबाशी गेला आणि टॉर्च लावला. टायमरच्या धुडाने खांबावरची प्लगची दोन्ही भोकं झाकली होती. टायमरला खाली दोन भोकं होती. एकात दिव्यांची माळ आणि दुसऱ्यात त्याच्या गाडीचा हीटर. रात्री साडेअकराला टायमरने इमानाने दोन्ही विझवले होते. त्याने टायमरचं बटण सतत चालूवर ढकललं. ठिपका पेटला, दिवे पेटले. आता इंजिन तापायला तीन तास हवे होते, आणि तेवढा वेळ ओरिसियाकडे नव्हता.

रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती महामार्गावरच्या अपघाताला गेलेली, यायला सव्वा तास. शेजारचा वेंडेल गुरांना वैरण टाकायला गेला होता, त्याने फोन घेतला तेव्हा सव्वासहा झाले होते. पण आला मात्र तो दहाव्या मिनिटाला. ट्रकच्या लांब बाकावर ओरिसियाला दोघांच्या मध्ये बसवलं.

"हीटर का नाही चालला?" तिने वाटेत विचारलं.

"कोणास ठाऊक. बोलू नकोस, दम लागेल."

बाहेर सगळा पांढरा अंधार होता.

"दिवे छान लावलेत पोराने," ती म्हणाली. "तू सांग त्याला. तू कधी सांगत नाहीस."

"सांगेन."

"शपथ?"

"सांगेन म्हटलं ना, बाई!"

तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. त्याला वाटलं, झोप लागली. वेंडेलने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ट्रकचा वेग वाढवला. मग वाटेतल्या छोट्या इस्पितळाच्या दारात तो हळूहळू थांबला, कारण आता घाई कशाचीच नव्हती.

दुपारी वेंडेलने नेस्तरला घरी सोडलं. "आत येऊ का?" त्याने विचारलं. नेस्तरने नकारार्थी मान हलवली. ट्रक गेला.

भर उन्हात दिवे जळत होते. त्याने बटण ढकललं होतं, ते तसंच राहिलं होतं. त्या उजेडात ते मेलेल्या रंगांचे दिसत होते. नेस्तर खांबाशी उभा राहिला. बोहदानला निरोप खाणीत मिळाला होता, तो वर येऊन निघाला होता. दोनेक तासांत पोचणार होता. आणि आल्या-आल्या खांबाशीच येणार, कारण तो नेस्तरचाच मुलगा होता.

आयुष्यभर नेस्तरने दुसऱ्यांच्या चुका बोट ठेवून दाखवल्या होत्या. ही चूक तर आंधळ्यालाही दिसली असती. दोन प्लग शेजारी-शेजारी, अगदी सरळ बसवलेले. त्याला मुलाचा राग आला, इतका की काठी खांबावर हाणावीशी वाटली. मग आठवलं, ठिपका आपणही बघितला होता. चाळीस वर्षांचा वायरमन, पण वीज कुठून येतेय हे विचारलं नाही. पायऱ्या उतरायला नकोत म्हणून.

त्याने हातमोजे काढले. उघड्या बोटांनी हीटरचा प्लग टायमरमधून उपसला, वायर कोपरावर नीट गुंडाळली आणि खुंटीला अडकवली. बटण आपोआपवर आणलं. दिवे विझले. बोटांची कातडी धातूला चिकटून सोलली होती, ते त्याला घरात गेल्यावर कळलं.

बोहदान पाचला आला. आधी आईच्या रिकाम्या पलंगाकडे पाहून तो ढसाढसा रडला. मग बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"हीटरची वायर खुंटीला आहे. मी लावली होती, बाबा. मी नक्की लावली होती."

"लावली होतीस."

"मग?"

"तू ती वेडीवाकडी टाकली होतीस. रात्री गेलो आणि नीट गुंडाळायला म्हणून काढली. परत लावायची राहिली."

बोहदान आईच्या पलंगाच्या कडेवर बसला.

"वायर वेडीवाकडी होती म्हणून? काय माणूस आहात तुम्ही! दिवसभर काठी आपटत होतात, ही क्लिप सरकली, ती सरकली... आणि स्वतः? मी म्हटलं होतं चल माझ्याबरोबर. म्हटलं होतं ना?"

"म्हणालास."

"तुम्ही मारलंत तिला."

"हो," नेस्तर म्हणाला.

बाहेर अंधार उतरला आणि पन्हळ उजळली. बोहदान दारू चढल्यासारखा उठला, माळ ओरबाडून काढायला दाराकडे निघाला.

"राहू दे," नेस्तर म्हणाला. "सात तारखेपर्यंत राहू दे. तिला हवे होते."

बोहदान दारात पाठमोरा थांबला. निरोप तर द्यायचाच होता, शपथ घातली होती तिने. नेस्तरने सोललेली बोटं मुठीत मिटली.

"छान लावलेस दिवे," तो म्हणाला. "मी सगळं तपासलं. कुठेही काही चुकलेलं नाही तुझं."