चौथा चरण

अंबिका टीचरना वृत्त मोडलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. बारावीच्या मुलांना संस्कृत शिकवताना दरवर्षी त्या एक स्वाध्याय देत: वेळेच्या सदुपयोगावर स्वतःचा चार चरणांचा अनुष्टुभ श्लोक. चरणात अक्षरं आठच. पाचवं लघु, सहावं गुरू. सातवं पहिल्या-तिसऱ्यात गुरू, दुसऱ्या-चौथ्यात लघु. आणि वर त्यांच्या गुरुजींचा दंडक होता, मोडका श्लोक कुणापुढे म्हणायचा नाही.

केरळातल्या चेरप्पुळश्शेरीच्या त्यांच्या शाळेत बहुतेक मुलं हा स्वाध्याय ढापूनच आणत. त्या वर्षी आर्द्राने मात्र सोमवारी खरोखर स्वतःचा आणला. टीचरनी वही उघडली आणि बोटांवर मोजत वाचायला लागल्या.

गतः क्षणो न चायाति
प्रार्थितोऽपि शतैर्धनैः ।
प्रतीक्षते जनो यस्त्वां
तस्मै देहि समयमद्य ॥

गेलेला क्षण शेकडो धनं देऊन विनवला तरी येत नाही. जो तुझी वाट बघतोय, त्याला आज वेळ दे. अर्थ वाचून टीचरना आतून बरं वाटलं, पण बोट नवव्या अक्षरावर जाऊन थांबलं.

"चौथा चरण मोज बघू."

आर्द्राने मोजला आणि जीभ चावली. "नऊ झाली, टीचर."

"मग? पाहुण्याला पाटावर जागा नाही, तरी बसवलास होय गं त्याला?"

वर्ग हसला. आर्द्राही हसली, पण वही घ्यायला तिने हात पुढे केला नाही. "टीचर, तुम्हीच सांगा ना काय करू ते. मुत्तच्छन रोज विचारतायत, झाला का म्हणून."

मुत्तच्छन म्हणजे तिचे आजोबा, शंकर पिषारडी. देवळाच्या ओसरीवर श्लोकांच्या भेंड्या लागल्या की चाळीस वर्षं त्यांना कुणी हरवलं नव्हतं. समोरच्याच्या श्लोकातल्या तिसऱ्या चरणाचं पहिलं अक्षर धरून नवा श्लोक म्हणायचा. पिषारडी तो असा म्हणत, की समोरच्याला हातातलं पान खायचं भान राहत नसे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचेच श्लोक म्हटले, स्वतःचा एकही जुळला नाही. आता अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले होते. घरातला पहिला श्लोक नात रचतेय याचं त्यांना कोण अप्रूप!

टीचरना चौथा चरण त्याच क्षणी सुचला होता. 'तस्मै देह्यद्य तं क्षणम्'. आठ अक्षरं, सगळी जागच्या जागी. ओठांवर आलेला तो चरण त्यांनी गिळला. पोरीचं स्वतःचं काहीतरी व्हायला हवं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर आपण किती कडक आहोत याचाही त्यांना थोडा अभिमान होता.

"मीच सांगितला तर तो तुझा कसा राहील? बस डोकं खाजवत. आणि तोवर घरी म्हणायचा नाही हं!"

बुधवारी आर्द्रा आली ती चरणात सातच अक्षरं घेऊन. शुक्रवारी आठ भरली, पण सहावं लघु पडलं. "जवळ आलीस," टीचर म्हणाल्या. "सोमवारी होईल बघ." आर्द्राच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. संध्याकाळभर ती मागच्या अंगणात बसून अक्षरं मोजते, आत येत नाही, असं तिची आई शाळेत येऊन सांगून गेली होती. टीचरनी ते कौतुकाने ऐकलं.

रविवारी सकाळी शंकर पिषारडी गेले.

सुतक संपल्यावर आर्द्रा वर्गात आली आणि तिने वही टेबलावर ठेवली. चौथ्या चरणाच्या जागी लिहिलं होतं, 'तस्मै देह्यद्य तं क्षणम्'. टीचरनी मोजलंही नाही.

"कधी सुचला गं?"

"बाराव्याच्या दिवशी. भांडी घासताना."

"आणि मुत्तच्छन… त्यांना आधीचा तरी ऐकवलास ना?"

"मोडका होता ना, टीचर." आर्द्रा शांतपणे म्हणाली. "शनिवारी त्यांनी मला हाक मारली. मी म्हटलं, थांबा, एकाच अक्षराचं राहिलंय. ते हो म्हणाले."

टीचरनी पेन उचललं. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्या श्लोकाला द्यायचे होते. समोर पोर उभी होती आणि खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"आर्द्रा, हा चरण मला पहिल्याच दिवशी सुचला होता. हाच. अक्षर न् अक्षर."

वर्गात कुणीतरी बाक सरकवला.

"मग सांगायचा होतात ना," आर्द्रा म्हणाली.

टीचरनी पेन खाली ठेवलं. आर्द्राने वही उचलली, गुण न घेताच, आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.