वडाखालची उमा

लोणखेड्यात कॉलेजच्या फाटकासमोर मोहिनीचं टायपिंगचं दुकान आहे. प्रकल्प, अर्ज, लग्नपत्रिका अशी कामं तिच्याकडे नेहमी येतात. जुनं पुस्तक मात्र क्वचित. तसं एक घेऊन आले ब्राह्मणपुरीचे नारसिंग गुरुजी. नोकरीत असताना गावोगाव फिरून त्यांनी गोष्टी गोळा केल्या होत्या, त्यांचं हे एकुलतं एक पुस्तक. छापखाना कधीच बंद पडला होता, हस्तलिखित वाळवीनं खाल्लं होतं. दुसरी आवृत्ती काढायची तर हीच पानं स्कॅन करून त्यांचा मजकूर करून घेणं भाग होतं.

मोहिनीनं पानं नीट सपाट दाबून स्कॅन केली. पहिल्या खेपेला अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरची भाषा इंग्रजीच राहिली होती, त्यामुळे पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा चिवडा उमटला. मग मराठी निवडली. जोडीला हिंदीही ठेवून पाहिली, तर कितीतरी 'ळ'चे 'ल' झाले. तिनं हिंदी काढून टाकली. आता मजकूर वाचण्याजोगा आला. चुका होत्या त्या नेहमीच्याच: 'घर'चं 'धर', 'ख'चा 'रव', कागदावरच्या ठिपक्याचा अनुस्वार.

गुरुजींना बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून दुपारी ते शेजारच्या खुर्चीत बसत, मोहिनी वाचून दाखवी आणि अडेल तिथं स्कॅन मोठं करून पाही.

"दारात उमा होता," तिनं वाचलं.

गुरुजी दचकले. "उमा तुले कोनी सांगं?"

"कुणी नाही हो गुरुजी. 'उभा' आहे. 'भ'ची गाठ शाईनं भरलीय, मशीनला 'म' वाटला." तिनं स्कॅन दाखवलं. गुरुजींनी मान हलवली, पण त्यानंतर ते पाय आखडून बसले.

पुढं हे सारखंच होऊ लागलं. विहिरीवर उमा होता. अंधारात कुणीतरी उमा होता. सगळे 'उमा' एकदम बदलायचे म्हणून मोहिनीनं शोधाच्या चौकटीत शब्द घातला. पण एखादा खरा असला तर तोही पुसला जाईल, म्हणून ती एकेक पाहत निघाली. 'होता' दिसला की चूक लगेच कळे. मशीन अक्षर चुकवतं, वाक्याचं लिंग बदलत नाही.

मग हे आलं: 'वडाखाली उमा होती. तिला घरी न्यायला कुणी आलं नव्हतं.'

तिनं स्कॅन मोठं केलं. 'म' स्वच्छ होता. तिनं पुस्तकच उघडून भिंग धरलं. छापलेलंही 'उमा'च.

"गुरुजी, इथं खरंच उमा आहे."

"हाई मी लिखेल नही," गुरुजी हळूच म्हणाले. "मी लिहिलं होतं, वडाखाली गाय उभी होती. मुद्रितं मी स्वतः तपासली होती."

मोहिनीनं विचार केला. 'उभी' चुकली तर 'उमी' होईल, 'उमा' नाही. आणि 'गाय' कुठं गेली? खिळे जुळवणाऱ्याचा हात चुकला म्हणावं, तर एवढा नेमका कसा चुकेल?

"उमा कोण?"

"मन्ही धाकली बहीण. वडाखाली थांब म्हणून सांगितलं आणि मी बैल आणायला गेलो. परत आलो तर नव्हती. आईनं नंतर घरात तिचं नाव घेऊ दिलं नाही. छापखान्यात तर कुणाला ठाऊकच नव्हतं." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "पुन्हा वाच."

तिनं वाचलं. 'वडाखाली उमा होती.'

"उनू," गुरुजी म्हणाले. आलो, असं. बाहेरून कुणी हाक मारावी आणि आतून ओ द्यावी, तसं ते म्हणाले. ते काठी घेऊन उठले आणि बस पकडून निघून गेले.

चारदोन दिवस त्यांचा पत्ता नव्हता. मोहिनीनं बाकीचे 'उमा' दुरुस्त करून 'उभा' केले आणि ते एक वाक्य तसंच ठेवलं. त्या पानावर आली की ती दुकानाचा दरवाजा सताड उघडा ठेवी.

मग गुरुजी आले. धोतराला धूळ होती, चेहरा मात्र शांत.

"वड आहे अजून?" तिनं विचारलं.

"रस्त्यात गेला. पण जागा ओळखीची शे. दिवस मावळेपर्यंत बसलो." ते खुर्चीत टेकले. "पहिलं वाक्य राहू दे. दुसरं काढ. न्यायला कुणी आलं नव्हतं, ते आता खोटं झालं."

मोहिनीनं वाक्य निवडलं आणि पुसलं. खालच्या ओळी वर सरकल्या.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. मोहिनीनं गुरुजींच्या पलीकडची रिकामी खुर्ची त्याच्याकडे ओढायला हात पुढं केला. गुरुजींनी तिचं मनगट धरलं.

"ती नको, बेटा," ते म्हणाले. "त्याला दुसरी दे."