पृथ्वीवर अवतरल्यापासून

घरात आणि घराबाहेर सगळे तिला धाकटी म्हणत. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. सकाळी गाडीबरोबर वस्त्यांमधून फिरायचं, नळांचे नमुने बाटल्यांत भरायचे, परत येऊन ते तपासायचे, असं तिचं काम. हात कायम क्लोरीनच्या वासाचे. घरी ती आणि आई दोघीच. आईच्या उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून तिला उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं, सगळं धाकटीकडेच होतं. थोरला भाऊ, दादा, दोन गल्ल्या सोडून वहिनीबरोबर राहायचा. तो निबंधलेखनाचा क्लास चालवायचा. स्पर्धा परीक्षांची, मोठ्या कॉलेजांच्या प्रवेशाची मुलं त्याच्याकडे रांग लावायची. "सरांनी हात फिरवला की निबंध पास," असं त्या मुलांत बोललं जायचं.

दूरच्या शहरातल्या एका संस्थेत सार्वजनिक आरोग्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. तिथेच राहून करायचा, जेवणखाण आणि फी संस्थेची. अर्जाबरोबर आपल्या कामातून सुचलेल्या एखाद्या प्रश्नावर निबंध पाठवायचा होता, आणि निवड मुख्यतः त्यावरच होती. धाकटीने दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत बसून तो लिहिला. आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "जा की. माझं काय, मी काय पळून जाणारे?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

निबंधाची सुरुवात अशी होती: "गेल्या उन्हाळ्यात टेकडीवरच्या वसाहतीत एकाच आठवड्यात चौदा मुलं जुलाबाने आजारी पडली. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी त्या आठवड्यातही स्वच्छ होतं, आमच्या नोंदी तसंच सांगतात. पण वसाहतीला पाणी दिवसाआड येतं. मधल्या वेळात पाइप रिकामा राहतो आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढून घेतो. म्हणून पाण्याची खरी परीक्षा केंद्रात नव्हे, शेवटच्या घराच्या नळावर व्हायला हवी, असं मला या निबंधात मांडायचं आहे."

पाठवण्याआधी ती दादाकडे गेली. न दाखवता पाठवायचं तिच्या मनातही आलं नाही. लहानपणी तिला अक्षरं गिरवायला लावणारा दादाच होता. बाबा गेल्यावर तिची शाळा सुटू नये म्हणून शिकवण्या करणाराही तोच.

दादाने पहिलं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"वाईट आहे का रे?" तिने विचारलं.

"वाईट नाही. पण हे नगरपालिकेच्या अहवालासारखं झालंय. तिथे बसलेली माणसं मोठी असतात, धाकटे. त्यांना विचारांचा आवाका दिसायला हवा. ठेव इथे, मी बघतो."

दोन दिवसांनी त्याने टाइप केलेला निबंध तिच्या हातात दिला. सुरुवात बदलली होती: "मानव या पृथ्वीवर अवतरला तेव्हापासून पाणी हा त्याच्या जीवनाचा अविभाज्य भाग राहिला आहे. जगातील सर्व महान संस्कृती नद्यांच्या काठी उदयास आल्या. प्राचीन काळापासून आजतागायत मनुष्य शुद्ध पाण्याच्या शोधात आहे." असं पानभर, मग आणखी अर्धं पान.

"माझी ती चौदा पोरं कुठे गेली?" तिने विचारलं.

"आहेत ना. तिसऱ्या पानावर घेतलीत."

"पण मला काय म्हणायचंय ते कळायला तिसऱ्या पानापर्यंत..."

"माझ्यावर विश्वास आहे ना?"

हा प्रश्न आला की धाकटीकडे एकच उत्तर असायचं. तिने निबंध पाठवून दिला.

निवड झाली नाही. तिने संस्थेत फोन केला, तेव्हा कार्यालयातली बाई भली निघाली. तिने फाइल काढून परीक्षकांचा शेरा वाचून दाखवला: विषयाची माहिती चांगली, पण सुरुवात कोणत्याही निबंधाला चालेल अशी, अर्जदार कोणता प्रश्न मांडते आहे ते फार उशिरा कळतं. "पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा," बाई म्हणाली. "ते तिसरं पान पहिलं करा, एवढंच."

धाकटीला वाईट वाटलं ते आधी दादासाठी. एवढा नावाजलेला माणूस, आणि नवीन पद्धत त्याला ठाऊकच नाही! हे कळलं तर त्याच्या मनाला लागेल म्हणून तिने शेऱ्याचं त्याला सांगितलंच नाही. नुसतं म्हणाली, "नाही झालं." त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. इथे काय कमी आहे तुला?"

महिन्याभराने एका संध्याकाळी आईला ताप भरला. डॉक्टरांकडे न्यायला दादाची गाडी हवी होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. वहिनीला आईजवळ बसवून धाकटी क्लासवर गेली. जिना चढून वर आली तर दार उघडंच होतं. वर्ग खच्चून भरलेला, दादा फळ्याकडे तोंड करून लिहीत होता. मागच्या भिंतीशी उभं राहून ती त्याने वळायची वाट बघू लागली.

त्याने लिहिलं: मानव या पृथ्वीवर अवतरला तेव्हापासून...

"हे कोणी कोणी लिहिलंय?" त्याने न वळताच विचारलं. वर्गात खसखस पिकली. "लाजू नका, निम्म्यांनी लिहिलंय. विषय काय होता? शहरातलं पार्किंग. आणि तुम्ही निघालात गुहेतून! गुहेतून पार्किंगपर्यंत चालत यायला दोन पानं लागली. तोवर तपासणारा माणूस घरी पोचला."

मुलं हसली. दादाने वाक्यावर आडवी रेघ मारली.

"याची परीक्षा सोपी आहे. हे वाक्य उचला आणि दुसऱ्या निबंधावर ठेवा. पाणी, शिक्षण, मोबाइल, काहीही. तिथेही बसतंय? मग ते तुमच्या निबंधाचं नाही. दुसरं, सगळ्या मानवजातीबद्दल तुम्ही जे म्हणता ते सिद्ध कोण करणार? तुम्ही? एका पानात? जिथे तुमचा प्रश्न राहतो तिथून सुरुवात करा. कुठे, कोणाच्या बाबतीत, अडचण काय, आणि मग तुमचं म्हणणं. वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं समजायला जेवढं लागतं तेवढंच आधी द्या. नुसती गोष्ट सांगूनही थांबू नका. गोष्ट तुमच्या म्हणण्यापर्यंत पोचली पाहिजे. आता हे ऐका."

टेबलावरचा कागद उचलून त्याने वाचायला सुरुवात केली. "गेल्या उन्हाळ्यात टेकडीवरच्या वसाहतीत एकाच आठवड्यात चौदा मुलं..."

दादा धाकटीचा परिच्छेद सुंदर वाचत होता, नेमक्या जागी थांबत, नेमक्या शब्दावर जोर देत.

"बघा," तो म्हणाला, "चार-पाच वाक्यांत जागा कळली, प्रश्न कळला, कारण कळलं आणि लेखकाची बाजू कळली. इतकी चांगली सुरुवात मी इतक्या वर्षांत..."

कागदावरून मान वर करताना त्याला ती दिसली.

मुलांनी वळून पाहिलं. "आईला ताप आलाय," धाकटी म्हणाली. "गाडी हवी होती."

दोघांनी आईला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. ताप साधाच निघाला. आई झोपली तशी धाकटी स्वयंपाकघरात आली. दादा मागोमाग आला आणि दारात उभा राहिला. वहिनी ओट्याशी चहा गाळत होती.

"तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"धाकटे, ऐक..."

"मला वाटलं तू चुकलास. महिनाभर मी तुला जपलं, तुला वाईट वाटेल म्हणून. आणि तुला माहीत होतं! रोज ज्या वाक्यावर रेघ मारतोस तेच माझ्या निबंधात बसून लिहिलंस?"

"आईला कोण बघणार होतं?" तो एकदम म्हणाला. "दोन वर्षं! हिची नोकरी, माझे क्लास. तुला जाऊ नकोस म्हणालो असतो तर मी वाईट झालो असतो."

"मग म्हणायचंस. मी भांडले असते, रडले असते. कदाचित राहिलेही असते. पण तू मला विश्वास आहे ना, असं विचारलंस."

वहिनीने गाळणी खाली ठेवली. "मला म्हणाला होता, निबंध बरा नव्हता," ती हळू आवाजात म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"दुसऱ्याच्या पोरांना माझा परिच्छेद वाचून दाखवत होतास," धाकटी म्हणाली. "तो खराब आहे असं तुला खरंच वाटलं असतं ना, तर मी तुला आत्ता माफ केलं असतं."

दादा काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात आतून आईची हाक आली. ती जागीच होती. पातळ भिंतींचं घर, तिने सगळं ऐकलं होतं. दोघं आत गेले. तिने दादाकडेच बघितलं.

"माझ्या नावावर कशाला घातलंस रे?" ती म्हणाली. आजारपणानंतर तिचे शब्द अडखळत, हे वाक्य मात्र अडखळलं नाही. "मी तिला जा म्हटलं होतं. मला विचारलं होतंस?"

दादा खाटेच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याला रडताना पाहून धाकटीला पूर्वी नेहमी भरून यायचं. त्या दिवशी तिने फक्त आईची उशी नीट केली.

पुढच्या वर्षी तिने अर्ज स्वतःच भरला. निबंध प्रयोगशाळेतल्या सहकारिणीने वाचला, दोन शब्द सुधारले, बाकी काही नाही. दादाने वहिनीकरवी विचारून पाहिलं, एकदा नजर टाकू का म्हणून. "नको," धाकटीने निरोप दिला. "कारण विचारलं तर सांगा, त्याला ठाऊक आहे."

या वेळी तिची निवड झाली. आई दादाकडे राहायला गेली, आणि दिवसा आईजवळ बसायला वहिनीने एक बाई शोधली. इतकं सोपं होतं ते, हे बघून धाकटीला पुन्हा एकदा नव्याने लागलं. निघायच्या दिवशी दादा स्टेशनवर आला, तिची पेटी डब्यात चढवून दिली आणि खिडकीशी उभा राहिला. "पोचलीस की फोन कर," म्हणाला. तिने मान हलवली.

ती दर रविवारी फोन करते. आई बोलते, वहिनी बोलते. मग दादा फोन घेतो. ती त्याला आईच्या औषधांचं विचारते, रक्तदाबाचं विचारते, तो व्यवस्थित उत्तरं देतो. "तुझा अभ्यास काय म्हणतो?" तो कधी कधी विचारतो. "चालू आहे," ती म्हणते. त्यापुढे तिला काही सांगावंसं वाटत नाही. तिथे शिकताना रोज शंभर गोष्टी सुचतात आणि त्यातल्या निम्म्या सगळ्यांत आधी दादाला सांगाव्यात अशा असतात. त्या ती कोणालाच सांगत नाही.