घरचा डबा

अहमदपूरच्या एसटी स्टँडवर धम्मानंदचा चहा लई खपायचा, तरी दूध घालणाऱ्या नागुमावशीला द्यायला गल्ल्यात पैसे नसायचे. एकदा तो गिऱ्हाइकांसमोरच म्हणाला, "मावशे, तुझ्या महागड्या दुधानं धंदा बुडून राहिला."

मावशी म्हणाली, "पोरीचे सँडल कशातून आणले? मेव्हण्याचं तिकीट?"

"गल्ल्यातून."

"मंग ते काय माझ्या म्हशीनं खाल्लं?"

गिऱ्हाइकं हसली. धम्मानंदला मान वर करवेना.

त्यानं घरखर्चाचा डबा वेगळा केला. रोज गल्ल्यातून दूध, साखर, पत्ती, गॅसचे पैसे आधी काढायचे, मग स्वतःची ठरलेली मजुरी डब्यात टाकायची, उरलेलं धंद्याचं.

आठवड्यानं मेव्हणा आनंदराज आला. चहा झाल्यावर त्याच्या तिकिटासाठी धम्मानंदचा हात सवयीनं गल्ल्यात गेला. मावशी बघत होती. शरमेनं त्यानं हात मागं घेतला, डब्यातले पैसे मेव्हण्याच्या चहापोटी गल्ल्यात टाकले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आनंदराज, तिकिटापुरते डब्यात न्हाईत."

मग त्यानं सगळ्यांदेखत गल्ल्यातून मावशीचे मागचे थकलेले पैसे चुकते केले. "तुझ्या दुधाला उगंच नाव ठेवलं, मावशे. चुकलं माझं."

"हाव, चुकलं," मावशी म्हणाली. "आता एक चहा दे. आन् पैसे घे."