तिळाखालची रेषा

दुपारी दोनला पाळी बदलायची. सकाळच्या सिस्टर एका हाताने चपला बदलत होत्या आणि दुसऱ्या हाताने दुपारच्या सिस्टरपुढे फाइल सरकवत होत्या. शेवटचा पेशंट सहा नंबरचा, निवृत्त बस ड्रायव्हर. डाव्या पोटरीतलं गळू कापून आठ दिवस झालेले, मधुमेह जुना. चारला जावई गाडी घेऊन येणार आणि काका घरी जाणार, तेव्हा पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, असं सकाळच्या सिस्टरनी सांगितलं आणि जाता जाता हसून म्हणाल्या, "सायरनताई, आज तरी वाजू नका."

हे नाव तीन आठवड्यांपूर्वी पडलं होतं. पट्टीवरचा पिवळा डाग पू समजून दुपारच्या सिस्टरने सर्जनना जेवणावरून उठवून आणलं होतं आणि डाग निघाला औषधाचा. तेव्हापासून ती वॉर्डात आली की कोणी तरी कानांवर हात ठेवायचं. तीही हसायची. पण फोनकडे हात जाताना मन दोनदा मागे फिरायचं.

ती खुर्चीवर बसून नोंद वाचू लागली. सकाळच्या सिस्टरचं अक्षर मोत्यासारखं आणि नोंदही तशीच नेटकी. बारा तारखेला जखम सहा पूर्णांक चार बाय तीन पूर्णांक आठ सेंटिमीटर, खोली दीड. पंधराला पाच पूर्णांक आठ बाय तीन पूर्णांक चार, खोली एक पूर्णांक दोन. आज अठराला पाच पूर्णांक एक बाय तीन, खोली पाऊण. तळ लाल, दाणेदार, वास नाही. भोवतालची लाली बाराला तिच्या कडेने पेनाने आखलेल्या रेषेच्या आतच. खाली धोक्याच्या खुणा: लाली रेषेबाहेर जाणं, वास किंवा पू, कडा काळी पडणं, ताप शंभर पूर्णांक चारच्या वर, नाडी शंभरच्या वर, दुखणं वाढणं.

आजचा ताप नव्व्याण्णव पूर्णांक सहा. नाडी शहाण्णव. साखर दोनशे चाळीस, काल एकशे ऐंशी होती. पाहुण्यांची बिस्किटं, असं कंसात लिहिलेलं. प्रत्येक आकडा धोक्याच्या वेशीपर्यंत येऊन थांबलेला. एकही आत आला नव्हता.

जखम भरत होती यात शंकाच नव्हती. तिने वॉर्डच्या फोनमधले फोटो उघडले. तिन्हींत जखमेशेजारी मोजायची कागदी पट्टी, पट्टीवर तारीख, आणि लालीभोवती जांभळ्या पेनाची रेषा. ती फोन ठेवणारच होती. मग ती पुन्हा पहिल्या फोटोकडे गेली. गुडघ्याच्या खाली काकांना एक ठसठशीत तीळ होता. बाराच्या फोटोत रेषा तिळाच्या खालून गेलेली. पंधराच्या फोटोतही खालून. अठराच्या फोटोत तीळ रेषेच्या आत होता.

तीळ काही चालत खाली येत नाही. पण फोटो वेगळ्या बाजूने काढला असेल, गुडघा वाकलेला असेल. मनाने अशी दहा कारणं पुढे केली, आणि प्रत्येक कारणामागे कोणी तरी कानांवर हात ठेवून उभं होतं. सही झालेला डिस्चार्ज फाइलीत होता. सकाळी सर्जननी हीच नोंद आणि हाच फोटो पाहून सही केली होती. पाय बँडेजखाली होता.

अडीच वाजले होते. तिने बारा तारखेची नोंद शोधून काढली. शेवटच्या ओळीत होतं: रेषेचं वरचं टोक गुडघ्याच्या वाटीखाली अकरा सेंटिमीटर. पुढे कोणी हे अंतर पुन्हा मोजलेलं नव्हतं. मोजायचं कशाला? रेषा होतीच की.

ती हात धुऊन मोजपट्टी घेऊन सहा नंबरकडे गेली. काका शर्टाची बटणं लावून तयार बसलेले. काकू पिशवीत टॉवेल कोंबत होत्या.

"आता आणखी काय, सिस्टर?" काका म्हणाले. "तीस वर्षं बस चालवली, पण एवढे दिवस कुठल्या डेपोत उभा नव्हतो."

"गाडी सोडण्याआधी चाकं बघतात ना, काका? तेवढंच."

तिने त्यांचा पाय सरळ करून बँडेजची वरची वेटोळी सोडली. जखमेवरची पट्टी तशीच ठेवली. वाटीच्या खालच्या कडेपासून रेषेपर्यंत मोजलं. सात. पुन्हा मोजलं. सातच. लाली रेषेला टेकली होती, बाहेर नव्हती. सावळ्या कातडीवर डोळा फसतो, म्हणून तिने हाताची पाठ टेकवली. उजवी पोटरी गार, डावी तव्यासारखी. तिळाजवळ हलकं दाबलं, तेव्हा काकांच्या पायाची बोटं आकसली.

"दुखतं का?"

"घरी गेलो की थांबेल."

"कालपेक्षा जास्त?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तेच उत्तर होतं. तिने मनगट धरून नाडी मोजली: एकशे दोन.

तिने काकूंकडे पाहिलं. पिशवीतला टॉवेल त्यांनी बाहेर काढला होता आणि पुन्हा घडी घालत होत्या. घडी नीटच होती.

"काकू, ही रेषा कोणी काढली?"

काकूंचा हात थांबला. "सिस्टरनीच की."

"बाराला सिस्टरनी काढली, ती या तिळाच्या खाली होती. ही वर आहे. मला रागवायचं नाही. मला फक्त कधी ते कळायला हवं, कारण चारला गाडी येणार आहे."

काकू खाली बसल्या. "मीच काढली," त्या म्हणाल्या. "काल दुपारी अंग पुसताना. बँडेज वरून जरा सोडलं होतं, साबण लागला आणि गेली पुसून. सिस्टर बजावून गेल्या होत्या, ही रेषा जाऊ देऊ नका. पेन इथे ट्रेमध्येच राहिलं होतं. लाल दिसलं तिथवर अगदी नीट काढली हो. कुठे बाहेर जाऊ दिलं नाही."

काकांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हिने न विचारता एक भांडंसुद्धा जागचं हलवलं नसेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

काकूंनी कुंपण मोडलेलं पाहिलं आणि जिथवर गुरं पोचली होती तिथवर नवं कुंपण घातलं. सकाळी मोजणाऱ्यांनी कुंपण पाहिलं आणि गुरं आतच आहेत असं लिहिलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

सिस्टर फोनकडे गेली. सर्जन ऑपरेशनमध्ये, पलीकडून सहायकाने सांगितलं, डिस्चार्जच्या पेशंटचं संध्याकाळी बोलू. 'मला वाटतं' असं म्हटलं की हा माणूस फोन ठेवणार, हे तिला ठाऊक होतं. तिने आकडे लिहिलेला कागद समोर ठेवला आणि वाचायला लागली.

"सहा नंबर. बाराला लालीची कड वाटीखाली अकरा सेंटिमीटर, आज सात. मूळ रेषा पुसली जाऊन काल नातेवाइकांनी लालीच्या कडेने नवी काढली, त्यामुळे नोंदीत फरक दिसत नाही. पाय गरम, दाबल्यावर दुखतंय. ताप नव्व्याण्णव सहा, नाडी आता एकशे दोन, साखर वाढतेय. सोळाला इंजेक्शन बंद करून गोळ्या दिल्या. हे सरांना आत्ता वाचून दाखवा. मी फोन धरून आहे."

पलीकडे यंत्राची टिकटिक. मग लांबून सर्जनचा आवाज आला: डिस्चार्ज थांबवा, रक्त घ्या, शिरेतून औषध सुरू करायची तयारी ठेवा, मी वीस मिनिटांत येतो.

ते पंधरा मिनिटांतच आले. पाय पाहिला, तीन फोटो पाहिले, पट्टी स्वतः लावून मोजलं. जखम बरी होतेय, पण संसर्ग कातडीखालून वर चढतोय. आत पू साठला नाही ना, हे सोनोग्राफीत बघू, एवढंच बोलले. शाबासकी वगैरे दिली नाही. जाताना मात्र म्हणाले की असा फोन आला की मला ऑपरेशनमध्येही सांगा.

सोनोग्राफीत पू नव्हता. औषध त्याआधीच, तीनला सुरू झालं होतं; चारला जावई रिकामा परत गेला. काका रुसून भिंतीकडे तोंड करून पडले. सातला पुन्हा मोजलं: सात. लाली हटलेली नव्हती, पण वरही गेली नव्हती. पहिल्या चार तासांत याहून जास्त मागणं म्हणजे लोभ.

ती नोंद लिहायला बसली. काकू टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "माझं लिहावं लागेल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय झालं ते लिहावं लागेल," ती म्हणाली. "नाहीतर उद्या कोणी तरी पुन्हा तुमच्याच रेषेवर भरवसा ठेवेल."

तिने लिहिलं: सतरा तारखेला अंग पुसताना रेषा पुसली गेली, लालीच्या कडेने पुन्हा काढली गेली. ती ग्राह्य धरू नये. पेन आमच्याकडून खाटेपाशी राहिलं होतं. मग तिने काकांच्या पायावर नवी रेषा काढली, रेषेवरच तारीख आणि वेळ घातली आणि पट्टी ठेवून फोटो घेतला, असा की गुडघ्याची वाटी आणि तीळ दोन्ही यावेत. धोक्याच्या खुणांत एक ओळ वाढवली: रेषा पुसट दिसल्यास कोणीही नवी काढू नये, आधी वाटीपासून मोजावं.

आठला रात्रीची सिस्टर आली आणि फाइल घेऊन टेबलाशी बसू लागली. हिने फाइल काखेत मारली.

"इथे नको," ती म्हणाली. "चल, पायाशी उभं राहून सांगते."