थकबाकी शून्य

मास्तरांचा आयकर परतावा तीन वर्षं अडकला होता. कर सल्लागार बाईंपुढे त्यांनी चार पानी संतप्त अर्ज ठेवला.
"पैसे गेले खड्ड्यात," ते म्हणाले. "आयकराच्या पोर्टलवर मला थकबाकीदार लिहिलंय. उभ्या जन्मात कुणाचा छदाम बुडवला नाही मी!"

बाईंनी पोर्टल उघडलं. विवरणपत्र तपासून झालं होतं, परतावाही मंजूर होता. पण एका जुन्या वर्षाच्या कराच्या मागणीपोटी तो रोखून धरला होता. तो कर मास्तरांनी तेव्हाच भरला होता. चलनावर मात्र वर्ष चुकीचं पडलं होतं. तक्रार दोनदा 'निकाली' निघाली होती, कारण मास्तर अर्ज पाठवत होते जुन्या गावच्या अधिकाऱ्याला आणि त्यांचा पॅन केव्हाच इथल्या आयकर कार्यालयाकडे आला होता.

"मास्तर, पत्ताच चुकला, तर उत्तर कुठून येणार?"

बाईंनी अर्ध्या पानात सगळं बसवलं: परताव्याची सद्यस्थिती, तक्रार क्रमांक, चलनाची प्रत, वर्ष दुरुस्त करण्याची विनंती. पत्र इथल्या कर निर्धारण अधिकाऱ्याला गेलं, प्रत त्यांच्या वरिष्ठांना.

आठवड्याने अधिकाऱ्याने मूळ चलन मागवलं आणि महिन्याभरात मागणी रद्द झाली.

"परतावा व्याजासकट येईल, थोडे दिवस लागतील," बाई म्हणाल्या.

मास्तरांचं लक्षच नव्हतं. ते पडद्यावरचं 'थकबाकी शून्य' पुन्हा पुन्हा वाचत होते.
"याची एक प्रत काढून द्या," ते हळूच म्हणाले. "घरी हिला दाखवतो."